दुधातील फॅट: गर्बर पद्धत (कोल्हापूर संकलन केंद्र, प्रयोगशाळेची मराठी प्रत)

अ‍ॅसिडला हात लावण्याआधी गॉगल, रबरी हातमोजे, अ‍ॅप्रन. तोंडाने पिपेट ओढायचे नाही.

१. ब्युटिरोमीटरमध्ये ९०–९१% सल्फ्युरिक अ‍ॅसिड १० मिली घ्या. मानेला अ‍ॅसिड लागू देऊ नका, बूच निसटते.

२. नमुना २७° से.ला आणून हलक्या हाताने ढवळा. म्हशीच्या दुधाची साय कडेला चिकटते. ती न मिसळल्यास फॅट कमी लागते.

३. १०.७५ मिली दूध नळीच्या आतल्या कडेने सावकाश सोडा. घाईने ओतले की दूध करपते, फॅटखाली काळे कण दिसतात. पांढरे कण राहिले तर अ‍ॅसिड पातळ आहे.

४. १ मिली अमाइल अल्कोहोल घाला, बूच घट्ट लावा.

५. नळी फडक्यात गुंडाळून कण विरघळेपर्यंत हलवा. ती चटका बसेल इतकी तापते. बुचाचे तोंड कुणाकडेही नको.

६. ११०० आरपीएमवर ५ मिनिटे फिरवा. समोरासमोर नळ्या हव्यातच.

७. ६५° से. पाण्यात ५ मिनिटे ठेवून लगेच वाचन घ्या.

अ‍ॅसिड अंगावर उडाल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. उरलेले अ‍ॅसिड भरपूर पाण्यात थोडे थोडे ओता. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही.