वारस नोंदीसाठी लाचेची मागणी झाल्याबाबत तक्रार

दिनांक : 21 मार्च 2025

प्रति,
मा. पोलीस उपअधीक्षक,
लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, सातारा.

महोदय,

माझे वडील 11 जानेवारी 2025 रोजी वारले. त्यांच्या नावावरील शेतजमिनीस माझे, आईचे व बहिणीचे नाव वारस म्हणून लावण्यासाठी मी 10 फेब्रुवारी 2025 रोजी, म्हणजे महसूल संहितेच्या कलम 149 मधील तीन महिन्यांच्या मुदतीत, आमच्या सज्जाच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (तलाठी) मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र व सातबारा उतारा जोडून अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे. वारसांमध्ये कोणताही वाद नाही.

सोमवार, 17 मार्च रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी कार्यालयात चौकशीस गेलो असता, "कागद पूर्ण आहेत, पण आठ हजार लागतील, त्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही," असे ते मला म्हणाले. शासकीय फी आहे का, पावती मिळेल का, असे मी विचारले. त्यावर "पावतीचं काम नाही हे," असे उत्तर मिळाले. कोतवाल तेव्हा दाराबाहेर उभे होते, मात्र त्यांनी हे बोलणे ऐकले की नाही, हे मी सांगू शकत नाही. 20 मार्च रोजी सायंकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी मला फोन करून रक्कम पाच हजारांवर आणली व सोमवार, 24 मार्च रोजी दुपारी ती कार्यालयात आणून देण्यास सांगितले. हे संभाषण माझ्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित झाले असून मी त्यात काहीही काटछाट केलेली नाही.

सोसायटीचे पीककर्ज नव्याने मिळण्यासाठी सातबारावर आमची नावे लागणे आवश्यक आहे, ही आमची निकड त्यांना ठाऊक आहे. ज्या कामासाठी शासन त्यांना पगार देते, त्याच कामासाठी माझ्या विधवा आईकडून पैसे जावेत, हे मला मान्य नाही. मी आजवर त्यांना एक रुपयाही दिलेला नाही व लाच देण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्याशी माझे वैर नाही, तसेच आमच्यात उसनवारीचा अथवा अन्य कोणताही आर्थिक व्यवहार नाही.

तरी 24 मार्चपूर्वी पंचांसमक्ष या मागणीची पडताळणी करून भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 7 नुसार कायदेशीर कारवाई करावी, ही विनंती. पडताळणीसाठी व पुढील कारवाईत पंचांसोबत हजर राहण्यास मी तयार आहे. गावात बातमी फुटल्यास पुरावा हाती लागणार नाही, म्हणून संबंधित अधिकाऱ्यांचे नाव, सज्जा व गट क्रमांक, तसेच माझे नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक सोबतच्या बंद पाकिटात दिले आहेत. आपला संपर्क कृपया माझ्या मोबाइलवरच व्हावा, घरी कोणास पाठवू नये.

अर्जाची पोच व मृत्यूच्या दाखल्याची छायाप्रत सोबत जोडली आहे. मूळ ध्वनिमुद्रण असलेला मोबाइल मागणी होताच हजर करीन.

आपला विश्वासू,
तक्रारदार
(सही व नाव बंद पाकिटातील प्रतीवर)