आबा गेले, भाड्याबद्दल

धुळे, 12 डिसेंबर 2025

प्रदीपभाऊ, वहिनी, नमस्कार.

आपले आबा 29 नोव्हेंबरला शनिवारी पहाटे इथे धुळ्याच्या दवाखान्यात गेले. छातीत कफ झाला होता, दोन दिवस बरे वाटले आणि मग अचानकच. अंत्यविधी इथेच केला, गंधमुक्ती काल झाली. त्या धावपळीत अमळनेरला तुम्हाला कोणी कळवलंच नाही, तुम्ही त्या घरात इतकी वर्षं राहताय, तुम्हाला हे आधी कळायला पाहिजे होतं, वाईट वाटून घेऊ नका.

आता भाड्याचं. 5 तारखेला तुम्ही आबांच्या नंबरवर टाकलेले 4500 त्यांच्या खात्यात जमा झालेत, म्हणजे डिसेंबरचं भाडं मिळालं, त्याची काळजी नको. पण यापुढे त्या नंबरवर एक रुपयाही टाकू नका, आम्ही बँकेत कळवतोय, खातं बंद होईल आणि पैसे अडकतील.

जानेवारीपासून भाडं आजीच्या खात्यावर टाका. आजीच्या पासबुकाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आबांनी मृत्युपत्र केलेलं नाही त्यामुळे कायद्याने आजी, माझे बाबा, काका आणि आत्या असे चौघं वारस लागतात, आणि चौघांनी मिळून ठरवलंय की भाडं आजीलाच, तिचा औषधाचा खर्च त्यातून निघतो. चौघांच्या सह्यांचं संमतीपत्र आणि मृत्यू दाखल्याची झेरॉक्स पण पाठवतोय, जपून ठेवा. उद्या घरातलं कोणीही, अगदी काका किंवा मी जरी, रोख मागायला आलो तरी देऊ नका. पैसे टाकले की आजीला फोन करा, ती सही करून पावती पाठवेल, पावती मिळणं हा तुमचा हक्क आहे. हे पत्र खरं का ते पण तिलाच विचारा, तिचा नंबर वहिनींकडे आहेच.

करार मार्चपर्यंत आहे तो तसाच चालू, भाडं तेवढंच, डिपॉझिटचे 20 हजार पण तुमच्या नावावर तसेच. पुढचा करार वारसांच्या नावाने करू. लाईट बिल आबांच्या नावाने येत राहील, भरत जा. घरपट्टी आम्ही बघतो. घर विकायचं वगैरे कोणी बोललं तर कानावर घेऊ नका, तसं काही नाही.

आबांची ती लाल वही काल उघडली. नोव्हेंबरच्या पानावर "प्रदीप 4500 मिळाले" आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरात "मोरीचा नळ गळतो, बदलून देणे". त्यांचा हात थरथरत होता तरी लिहून ठेवलंय. मी येत्या रविवारी प्लंबर घेऊन येतो, सकाळी घरी थांबा, किंवा तुम्हाला जमत नसेल तर आजीला सांगा. आजीला वहिनींना भेटायचं आहे पण थंडीत प्रवास नको म्हणून तिला आणत नाही, तिच्याशी फोनवर बोला, तिला बरं वाटेल.

तुमचा,
रोहित (आबांचा नातू)