बैठकीचं इतिवृत्त: मृग बहाराच्या संत्र्यांच्या पेटीविक्रीची तयारी

दिनांक: सोमवार, 19 जानेवारी 2026, सकाळी 11 ते 12.20
ठिकाण: धंतोलीचं ऑफिस, नागपूर
हजर: वैशालीताई (अध्यक्ष), प्रमोदभाऊ (बगीचे आणि तोडणी), अन्सारभाई (पॅकहाऊस), शुभांगी (ऑर्डर आणि ग्राहक), नीलेश (वाहतूक), किशोर (हिशेब), अश्विनी (टिपण)
गैरहजर: तुषार. नरखेडला सभासदांकडे गेला होता. त्याच्या नावावरचं काम बैठकीतूनच फोन करून विचारलं, त्याचा होकार आहे.

मंडळी, मागच्या वेळी तीन पानं लिहिली आणि कुणी वाचली नाहीत. म्हणून आज कामं आधी, चर्चा नंतर. आपलं नाव शोधा, तारीख बघा. कारण हवं असेल तर खाली या.

कुणी काय करायचं

| क्र. | काम | कोण | कधीपर्यंत |
|---|---|---|---|
| 1 | खोक्यावरचा मजकूर आणि चित्र दुरुस्त करून ताईंना दाखवणं | शुभांगी | शुक्र, 23 जाने. |
| 2 | तोडणीच्या 24 कात्र्या आणून पॅकहाऊसला जमा करणं | प्रमोदभाऊ | शनि, 24 जाने. |
| 3 | आंबियातल्या पेटी ग्राहकांची एकच यादी, तक्रार केलेल्यांची नावं वेगळी | अश्विनी | शनि, 24 जाने. |
| 4 | मंजूर झालेला मजकूर छापखान्यात देऊन 600 खोक्यांची ऑर्डर | शुभांगी | मंगळ, 27 जाने. |
| 5 | तोडणीच्या मुकादमाशी कॅरेटमागे 4 रुपये वाढीचं पक्कं करणं | प्रमोदभाऊ | बुध, 28 जाने. |
| 6 | चाचणीच्या 6 पेट्या पाठवणं: 3 मुंबई, 3 पुणे | नीलेश | गुरु, 29 जाने. |
| 7 | त्याच मालाच्या 3 पेट्या पॅकहाऊसमध्ये ठेवून रोज वजन लिहिणं | अन्सारभाई | 29 जाने. ते 2 फेब्रु. |
| 8 | पाच बगीच्यांतून नमुने आणून गोडी मोजणं, आकडे ग्रुपवर टाकणं | तुषार | शुक्र, 30 जाने. |
| 9 | जीआय नोंदणीसाठी 9 सभासदांचे सातबारा आणि आधार गोळा करणं | किशोर | शनि, 31 जाने. |
| 10 | कळमन्याचे रोजचे भाव एका वहीत, चुरीचा भाव वेगळा | किशोर | आजपासून |

एका कामापुढे एकच नाव आहे. मदतीला कुणालाही घ्या, पण फोन त्या एकालाच जाणार. "पॅकिंगवाले बघतील", "बघू, करून घेऊ" असं जे बोलणं झालं ते यादीत घेतलेलं नाही. 24 ते 26 जानेवारी सलग सुट्टी आहे, म्हणून सुट्टीच्या आत होणारी कामं वर आणि बाकीची 27 नंतर अशी मांडणी केली आहे.

सडक्या फळांच्या तक्रारी

बैठकीचा निम्मा वेळ यातच गेला आणि तो जायलाच हवा होता. आंबिया बहारात आपण 412 पेट्या घरपोच पाठवल्या, त्यातल्या 37 पेट्यांबद्दल तक्रार आली. बहुतेकांचं म्हणणं एकच: पेटी उघडली तर दोनचार फळांवर हिरवी बुरशी आणि त्यांच्या शेजारची फळं ओलसर.

पहिल्यांदा सगळ्यांनी कुरियरवर बोट ठेवलं. एका कुरियरनं पेट्या दोन दिवस गोदामात ठेवल्या हे खरं आहे, नीलेशकडे पावत्या आहेत. पण अन्सारभाईंनी परत आलेल्या पेटीतली काही फळं जपून ठेवली होती, ती टेबलावर मांडली. तीन फळांना देठाजवळ साल फाटलेली होती, म्हणजे ती ओढून तोडलेली. एका फळाला बारीक भोक होतं आणि शेजारच्या फळाचा लांब राहिलेला देठ नेमका तिथेच टोचलेला. बुरशीला आत शिरायला एवढी जखम पुरते. मग पेटी दोन दिवस पडून राहो की चार, बाकीची फळंही खराब होणारच. फळं पाहिल्यावर वाद आपोआप थांबला.

ठरलं ते असं. पेटीच्या मालाची तोडणी कात्रीनंच होईल आणि देठ फळाला टेकून कापायचा. दव सुकल्याशिवाय तोडा सुरू करायचा नाही, म्हणजे या दिवसांत सकाळी साधारण नऊनंतर. जमिनीवर पडलेलं फळ पेटीत जाणार नाही, ते कितीही चांगलं दिसलं तरी. कॅरेटमध्ये माल दाबून भरायचा नाही.

प्रमोदभाऊंची अडचण रास्त होती. तोडणीवाल्यांना मजुरी कॅरेटवर मिळते. कात्रीनं हात हळू चालतो, दिवसाचे कॅरेट कमी होतात, म्हणजे त्यांच्या खिशाला चाट. नुसतं "नीट तोडा" सांगून तिसऱ्या दिवशी पुन्हा ओढाओढ सुरू होईल. म्हणून पेटीच्या मालापुरती कॅरेटमागे 4 रुपये वाढ वैशालीताईंनी मंजूर केली. ठोक बाजारात जाणाऱ्या मालाला जुनाच दर राहील.

तोडा कधी सुरू करायचा

शुभांगीकडे आत्ताच ऑर्डर यायला लागल्या आहेत, त्यामुळे तिला 1 फेब्रुवारी हवी होती. प्रमोदभाऊंचं मत: मृगाचं फळ अजून थोडं थांबू द्या, आंबट पेटी गेली की तो ग्राहक परत येत नाही. दुसरीकडे फळ झाडावर फार दिवस राहिलं तर साल सुटून पोकळ होते आणि असं फळ प्रवासात दबतं. म्हणजे थांबायलाही मर्यादा आहे.

निर्णय: पहिला तोडा सोमवार, 9 फेब्रुवारी. पण ज्या बगीच्याच्या नमुन्याची गोडी, म्हणजे ब्रिक्स, 10 च्या खाली येईल तो बगीचा त्या आठवड्यात वगळायचा, मग तो कुणा संचालकाचा असला तरी. (हे वाक्य वैशालीताईंनी मुद्दाम लिहायला सांगितलं.) नमुना एका झाडाचा नको. बगीच्याच्या चारही बाजूंची आणि मधली मिळून 20 फळं घ्यायची. तुषार, मीटर पॅकहाऊसच्या कपाटात आहे, वापरण्याआधी शुद्ध पाणी टाकून शून्य तपासून घे.

रमजान 18-19 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो. फळांची मागणी वाढते, त्यामुळे त्या आठवड्यात नागपुरातली स्थानिक विक्री धरूनच पॅकिंगची माणसं लावायची. त्याचं वेळापत्रक पुढच्या बैठकीत.

खोका: काय छापायचं, काय नाही

डिझाइन करणाऱ्यानं खोक्यावर जीआयचं चिन्ह मोठं टाकलं आहे. दिसतं छान. नागपूर संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हेही खरं. पण ते चिन्ह वापरायचं तर उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, त्याचा अर्ज जीआय-3 नमुन्यात करायचा असतो. आपल्या पेटीच्या सभासदांपैकी 9 जणांची नोंदणी झालेली नाही. एका पेटीत दोघातिघांचा माल एकत्र येतो, तेव्हा "नोंदणीवाल्यांच्याच पेटीवर छापू" हे पॅकहाऊसमध्ये सांभाळता येणार नाही, असं अन्सारभाईंनी स्पष्ट सांगितलं.

निर्णय: या हंगामाच्या खोक्यावर जीआयचं चिन्ह नाही. "काटोल, कळमेश्वर आणि नरखेड भागातली संत्री" एवढं लिहायचं. निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कमाल किंमत, एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक आणि तक्रारीचा फोन ठळक अक्षरांत. हवेची भोकं दोन्ही बाजूंना हवीत. मागच्या खोक्याला ती एकाच बाजूला होती आणि पेट्या शेजारीशेजारी रचल्या की झाकून जायची.

वजन

पेटी 5 किलोची म्हणून विकतो. पुण्याच्या दोन ग्राहकांनी घरी मोजून 4.8 भरल्याचे फोटो पाठवले. फळातलं पाणी वाटेत उडतं, त्यामुळे काट्यावर बरोबर 5 भरलेली पेटी तिकडे कमीच भरणार. जास्त किती टाकायचं यावर 100 ग्रॅमपासून 300 ग्रॅमपर्यंत सगळे आकडे आले. अंदाजानं ठरवायचं नाही. अन्सारभाईंच्या वहीतले आकडे आले की 2 फेब्रुवारीला ठरवू.

वाहतूक

मुंबईचा माल समृद्धी महामार्गाने जाणाऱ्या गाडीत, रात्री निघेल असा. पुण्यासाठी नीलेशकडे दोन पर्याय आहेत: नवं कुरियर किंवा ट्रॅव्हल्सच्या बसचं पार्सल. बसनं पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते, पण थांब्यापासून ग्राहकाच्या घरापर्यंत नेणारं माणूस आपल्याला तिकडे लागेल. चाचणीच्या पुण्याच्या 3 पेट्यांपैकी 2 बसनं आणि 1 कुरियरनं जाईल. माल कळमेश्वरकडच्या त्या लवकर रंगलेल्या बगीच्यातला, कात्रीनं तोडलेला. पेटी घेणारे आपल्याच ओळखीचे आहेत. त्यांनी उघडल्या उघडल्या फोटो आणि वजन नीलेशला पाठवायचं आहे.

पेटीचा दर: निर्णय झाला नाही

किशोरनं पुणे-मुंबई घरपोच 650 रुपये सुचवला, शुभांगीचं म्हणणं 600 च्या वर गेलं तर जुने ग्राहकही तुटतील. कात्रीची वाढीव मजुरी, जास्तीचं वजन आणि बसचं पार्सल हे तिन्ही आकडे हातात नसताना घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. हा विषय 2 फेब्रुवारीच्या बैठकीत पहिला. तोवर फोनवर कुणीही कुणाला दर सांगायचा नाही. "9 तारखेनंतर कळवतो" एवढंच.

चुरी: पेटीत बसत नाही तो बारका माल पूर्वीसारखाच कळमन्याला. रसवाल्यांची चौकशी पुढच्या हंगामात.

सभासदांचे पैसे: पॅकहाऊसला माल आल्यापासून 7 दिवसांत खात्यावर. बदल नाही.

मागच्या बैठकीतलं शिल्लक: पॅकहाऊसचा दुसरा काटा आला, पण प्रमाणित करून घेतलेला नाही. अन्सारभाई, हे तिसऱ्यांदा लिहितेय. चाचणीचं वजन त्या काट्यावर घेऊ नका. पॅकहाऊसच्या मागच्या शेडचे पत्रे झाले, विषय बंद.

पुढची बैठक: सोमवार, 2 फेब्रुवारी 2026, सकाळी 11, याच ठिकाणी. विषय: दर, जास्तीचं वजन, पुण्याची वाहतूक, रमजानच्या आठवड्याचं वेळापत्रक. चाचणीच्या पेट्यांचे फोटो नीलेशनं आदल्या रात्रीपर्यंत ग्रुपवर टाकावेत.

यात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर बुधवारी 21 तारखेला संध्याकाळपर्यंत मला फोन करा, ग्रुपवर चर्चा नको. त्यानंतर हेच पक्कं धरून छापून पॅकहाऊसच्या भिंतीवर लावते.

अश्विनी