कॉल शीट: 'वाटणीपत्रक' (शॉर्टफिल्म), बुधवार २० जानेवारी, वाई, एकच दिवस

सगळ्यांनी नीट वाचा, वाचून झालं की ग्रुपवर अंगठा टाका. नुसत्या ब्लू टिक चालणार नाहीत.

सूर्योदय ७:०९, सूर्यास्त ६:२२. दिवसाचं गणित या दोन वेळांवरच बसवलंय, मधलं थोडं मागंपुढं झालं तरी चालेल.

निघायचं: कोथरूड डेपो, पहाटे ३:३०. ट्रॅव्हलरमध्ये युनिट, ईकोत कॅमेरा-साउंड-लाइट. खंबाटकीत ट्रक बंद पडलेला असतो कधीकधी म्हणून अर्धा तास जास्तीचा धरलाय, तो झोपेत घालवू नका. सुरूर फाट्यावरून आत वळायचं, चहाला कुणीही गाडी थांबवायची नाही, चहा वाड्यावर आहे.

कॉल टाइम
सायली (रेवा): ५:४५ वाड्यावर, मेकअप-हेअर लगेच
ओंकार (एजंट): युनिटसोबतच येतोय, पण मेकअप दुपारी ३ ला, तोपर्यंत झोप काढ
विनायककाका (अण्णा): ९:१५ वाड्यावर. काका साताऱ्याहून येणार, समीर ८ ला गाडी पाठवेल. त्यांना पहाटे आणून बसवून ठेवायचं नाही, शुगर आहे, आल्या आल्या नाश्ता द्यायचा
निखिल (कॅमेरा), प्रणव (साउंड), लाइटदादा: ६:१५ थेट मेणवली घाटावर
मृण्मयी (आर्ट): वाड्यावरच, घाटावर हिचं काम नाही

१) मेणवली घाट, ६:४५ ते ९:१५, सीन १ आणि ७
आधी सीन १. निळा कुर्ता, केस मोकळे. मग सीन ७, आठ महिन्यांनंतरचा, पिवळी साडी, वेणी, हातात बांगड्या नाहीत (रेश्माताई, बांगड्या काढून तुझ्याकडेच ठेव, मागच्या लूक टेस्टला शोधत बसलो होतो). नदीवर धुकं आलं तर अनघा म्हणेल तिथून रोल करायचं, लेन्सवर चर्चा नको. आठनंतर कपडे धुवायला बायका येतात आणि प्री-वेडिंगवालेही, त्यामुळे वाइड आधी, क्लोज नंतर. बायकांना उठवायचं नाही, घाट त्यांचा आहे, फ्रेम आपण बदलायची. देवळातली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली आहे, तिला कुणी हात लावायचा नाही, वाजवायची तर अजिबातच नाही. ड्रोन नाही. निघण्याआधी प्रणवला २ मिनिटं शांतता हवी, पाण्याचा आवाज घ्यायचाय, तेव्हा गाड्या सुरू करू नका.

शिफ्ट ४५ मिनिटं. अंतर तीनेक किलोमीटरच आहे पण सामान पायऱ्यांवरून वर चढवायचंय.

२) वाडा, वाई, १० ते ३:३०, सीन २, ३, ५
रेवा आणि अण्णा. क्रम ३, २, ५ असा, कारण माजघरात ऊन सव्वाअकरापर्यंतच येतं आणि सीन ३ त्याच उन्हासाठी लिहिलाय. पाच पानी सीन आहे, मास्टर एकदा पूर्ण, मग काकांचे क्लोज आधी, सायलीचे नंतर. काकांना मधे प्रॉम्प्टिंग नको, ते थांबतात ते मुद्दाम थांबतात. प्रॉप: स्टॅम्प पेपरचे ३ सेट (सीन ५ मध्ये फाडायचेत, म्हणजे तीनच टेक), अडकित्ता, पानाचा डबा. फ्रिज बंद करायचा आणि निघताना आठवणीने चालू करायचा, समीरने स्वतःची गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी म्हणजे विसरणार नाही. वरच्या मजल्यावर घरमालकांच्या आई असतात, चपला बाहेर.

जेवण १:३०, अंगणात. पिठलं, भाकरी, ठेचा, भात, आमटी. काकांचं ताट वेगळं, भात नाही.

३) चहाची टपरी, ४ ते ५:१५, सीन ४
रेवा आणि एजंट. सायली परत निळ्या कुर्त्यात. मालक गिऱ्हाईक थांबवणार नाहीत, आपणही सांगायचं नाही, मागं माणसं असू देत. दोघांना लेपल, बूम फक्त आधाराला. ग्लासातला चहा प्रत्येक टेकला सारखा, कंटिन्युइटीचा फोटो मी काढेन.

४) हळदीचं शेत, सुरूर रस्ता, ५:३५ ते ६:२५, सीन ६
रेवा एकटी बांधावरून चालते, संवाद नाही. शेतात पाला वाळलाय पण हळद अजून जमिनीत आहे, बांध सोडून सरीत पाय टाकायचा नाही, ट्रायपॉडसुद्धा नाही. टपरीवर उशीर झाला तर सीन ४ मधला एजंटचा फोनचा शॉट उडवायचा, अनघाशी बोलणं झालंय. हा सूर्यास्त सोडायचा नाही.

पहाटे स्वेटर आणा, दुपारी टोपी. फर्स्ट एडचा डबा ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हरमागे, गरज पडली तर वाईचं ग्रामीण रुग्णालय.

पॅकअप ६:३०. डेटाच्या दोन कॉप्या झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, एक ड्राइव्ह निखिलकडे, दुसरी माझ्याकडे, दोन्ही वेगवेगळ्या गाडीत. काकांची गाडी शेवटच्या सीनला थांबणार नाही, ३:३० लाच सोडायची. कन्व्हेन्सचे पैसे समीर परतीच्या वाटेत देईल, त्याला दिवसभर विचारू नका.

– तेजस, फर्स्ट एडी