विषय: खोक्यांची थकीत बिले – आज काय जमा होईल, उरलेले कधी

राम राम शेठ,

तुमचा कालचा मेल वाचला. तुमची निकड खरी आहे. कागदाच्या मिलला तुम्हालाही आगाऊ पैसे मोजावे लागतात. एकूण ५,१६,५०० रुपये आमच्याकडे येणे आहे, त्यात वाद नाही.

बिल ११८ चे १,८४,००० आज दुपारी एनईएफटीने सोडतो. यूटीआर क्रमांक संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर मिळेल.

बिल १२६ चे २,३६,५०० आज एकदम निघणार नाहीत. दिल्लीच्या व्यापाऱ्यांकडे केळीच्या गाड्यांचे पैसे अडकले आहेत आणि रावेरला कापणीची मजुरी रोजच्या रोज रोख द्यावी लागते. यातले १,००,००० रुपये २५ मार्चला आणि १,३६,५०० रुपये ६ एप्रिलला देऊ. माल २० फेब्रुवारीला उतरला, म्हणजे ६ एप्रिल हा बरोबर पंचेचाळिसावा दिवस. तुमची उद्यम नोंदणी आहे, त्यामुळे ही तारीख पुढे ढकलणे आम्हालाही परवडणारे नाही. व्यापाऱ्यांचे पैसे आले नाहीत तरी सीसी खात्यातून देऊ.

बिल १३१ मात्र अडलेले आहे. ३,००० पैकी ३०० खोकी दमट निघाली. १३ किलो केळी भरून थप्पी लावली की खालच्या थराचे कोपरे बसतात. फोटो आणि गेट पावती सोबत आहे. जीएसटीसह ३२ रुपयांप्रमाणे ९,६०० रुपयांची क्रेडिट नोट पाठवा, उरलेले ८६,४०० रुपये १० एप्रिलला जमा करतो.

१६ मार्चची २,००० खोकी कृपया थांबवू नका. त्या गाडीची निम्मी रक्कम माल उतरताच देऊ.

आपला,
हिशेब विभाग, केळी पॅकहाउस, रावेर
१३ मार्च