स्वयंसेवकांसाठी स्मरणपत्र : रक्तदान शिबिर, सोमवार, २६ जानेवारी २०२६

सर्व स्वयंसेवक बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या सभागृहात होणाऱ्या रक्तदान शिबिराच्या फलकावर सकाळी ९ ही वेळ छापली आहे. ती रक्तदात्यांसाठी आहे. स्वयंसेवकांनी सकाळी ७ वाजता सभागृहाच्या मागच्या दाराशी हजर राहून गटप्रमुखांकडे नाव नोंदवायचे आहे.

दोन तास आधी कशाला, असे काहींनी विचारले, आणि ते रास्तही आहे. परंतु ८ वाजता प्रांगणात ध्वजवंदन असल्याने त्या वेळी सर्व कामे थांबतील आणि प्रत्यक्षात हाती दीड तासच उरेल. रक्तपेढीची गाडी साडेसातला येईल. खाटा, वजनकाटा आणि शीतपेट्या उतरवून घेण्यास किमान सहा जण लागतात, आणि त्याआधी खुर्च्या बाजूला घेऊन सभागृह झाडून झालेले असले पाहिजे.

गेल्या वर्षी पावणेनऊलाच दाराशी पंधरा-वीस दाते उभे होते आणि आत आपण विजेची जोडवायर शोधत होतो. नोंदणीच्या टेबलावर अर्ज होते, पण पेने नव्हती. रात्रपाळी करून थेट आलेले एक गृहस्थ अर्धा तास वाट पाहून निघून गेले, ही गोष्ट आम्हाला अजून बोचते. (झोप न झालेल्या माणसाला डॉक्टरांनी कदाचित परत पाठवलेही असते, पण ते सांगायलाही टेबलावर कोणी नव्हते.)

नोंदणी गटातील स्वयंसेवकांनी अर्ज भरून घेताना वय १८ ते ६५ च्या दरम्यान आहे का, वजन किमान ४५ किलो आहे का, आणि मागील रक्तदानास पुरुषांच्या बाबतीत ९० व स्त्रियांच्या बाबतीत १२० दिवस उलटले आहेत का, एवढेच विचारावे. हिमोग्लोबिन आणि औषधे यांविषयीचा निर्णय डॉक्टरांचा आहे, त्यात आपण मत देऊ नये. अल्पोपाहार गटाने दात्यांना रक्तदानानंतर किमान दहा-पंधरा मिनिटे खुर्चीवर बसवून ठेवावे, कारण चक्कर बहुधा लगबगीने उठणाऱ्यालाच येते.

ज्या स्वयंसेवकांना स्वतः रक्तदान करायचे आहे, त्यांनी घरून न्याहारी करून यावे आणि गर्दी ओसरल्यावर, म्हणजे साधारण साडेअकरानंतर, आपला क्रमांक लावावा. बाकीच्यांसाठी चहा आणि पोहे पावणेसातपासून तयार असतील.

सातला पोहोचणे शक्य नसल्यास रविवारी रात्री ९ पर्यंत आपल्या गटप्रमुखांना फोन करून कळवावे, म्हणजे त्या जागी दुसऱ्याची योजना करता येईल. उशीर चालवून घेता येईल, पण न कळवता झालेला उशीर आयत्या वेळी निस्तरता येत नाही.

आपला,
कार्यवाह, शिबिर संयोजन समिती