तृतीय वर्ष अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी प्री-प्लेसमेंट टॉक : निमंत्रण

प्रिय विद्यार्थ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

शनिवार, दि. 21 फेब्रुवारी 2026 रोजी सकाळी 10.30 वाजता आपल्या महाविद्यालयाच्या मुख्य सभागृहात आमच्या कंपनीचे प्री-प्लेसमेंट टॉक आयोजित केले असून, त्यास आपण उपस्थित राहावे, ही विनंती. कामाचे स्वरूप, उन्हाळी इंटर्नशिप, दरमहा 25,000 रुपये विद्यावेतन आणि निवडीचे टप्पे यांविषयी आमचे अभियंते बोलतील. सेवाकराराविषयीचे प्रश्नही निःसंकोच विचारावेत, कारण ते ऑफर हाती आल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

संगणक, माहिती तंत्रज्ञान आणि अणुविद्युत व दूरसंचार शाखांतील, 2027 मध्ये पदवी पूर्ण करणारे विद्यार्थी पात्र आहेत. पाचव्या सत्राअखेर सीजीपीए किमान 6.5 असावा आणि एकापेक्षा अधिक विषय बाकी नसावेत. पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेतलेल्यांसाठी बारावीऐवजी पदविकेचे गुण धरले जातील. दोन्हींसाठी अट 60 टक्क्यांचीच आहे.

नोंदणीसाठी प्लेसमेंट कक्षाच्या सूचनाफलकावरील क्यूआर कोड स्कॅन करून अर्ज भरावा, पाचव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये जोडाव्यात आणि बायोडेटाच्या फाइलला केवळ आपला पीआरएन क्रमांक द्यावा; `Resume_final_new.pdf` या एकाच नावाच्या अनेक फाइल आल्या की कोणती कोणाची, हे शोधण्यातच वेळ जातो. मुदत मंगळवार, दि. 17 फेब्रुवारी, सायंकाळी 5 पर्यंत आहे. पुष्टीचा ईमेल आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवल्यावरच प्रवेश मिळेल. नोंदणीस कोणतेही शुल्क नाही. कोणी मागितल्यास प्लेसमेंट कक्षास तत्काळ कळवावे.

आपला विश्वासू,
कॅम्पस भरती प्रमुख, पुणे कार्यालय